माती परीक्षणाचा व्हिडिओ: नमुना, रिपोर्ट आणि खताच्या गोण्या

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्यात खेड आणि शिरूर तालुक्यांच्या सीमेवरच्या काही गावांत आम्ही शेतकरी गटांबरोबर काम करतो. खरिपात बाजरी, सोयाबीन, मूग आणि रब्बीत मुख्य पीक कांदा. राजगुरुनगरचं कांदा-लसूण संशोधन संचालनालय इथून जवळच आहे, त्यामुळे रोपवाटिका, वाण, फवारणी याची माहिती लोकांना बऱ्यापैकी असते. खताचं मात्र ठरलेलं असतं. गेल्या वर्षी जे टाकलं तेच यंदा, आणि शेजाऱ्याने एक गोणी जास्त टाकली की आपणही टाकायची.

माती परीक्षण या भागाला नवीन नाही. २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिका घरोघरी आल्या आहेत. बऱ्याच घरांत ती पत्रिका सातबाऱ्याच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली असते. गटातल्या बैठकीत आम्ही एकदा विचारलं, की त्या कागदावरून कुणी कधी खत कमी-जास्त केलं का? एकही हात वर झाला नाही. एक ताई म्हणाल्या, "कागद आला, पण वाचायचा कसा ते कुणी सांगितलंच नाही."

त्यावरून व्हिडिओ करायचं ठरलं. तीन भाग हवेत हे सुरुवातीपासून स्पष्ट होतं. मातीचा नमुना कसा घ्यायचा, रिपोर्ट कसा वाचायचा आणि त्यावरून कांद्याच्या खताचा हिशोब कसा बसवायचा. आम्ही तिघंजण होतो. मी, गटाचं काम बघणारा एक कृषी पदवीधर सहकारी आणि मोबाइलवर उत्तम चित्रीकरण करणारा गावातलाच एक तरुण. हा व्हिडिओ आम्हाला दोनदा करावा लागला. पहिल्यात काय चुकलं आणि दुसऱ्यात काय बदललं, ते इथे मांडते आहे. शेतकऱ्यांची खरी नावं आणि गावं मुद्दाम दिलेली नाहीत.

पहिला व्हिडिओ आणि त्यातली अडचण

पहिला व्हिडिओ बारा मिनिटांचा झाला. त्यातली आठ मिनिटं नमुना घेण्यावर, तीन मिनिटं रिपोर्टवर आणि एक मिनिट खतावर. ही विभागणी आम्ही ठरवून केलेली नव्हती. शेतात चित्रीकरण सोपं जातं, दिसायलाही छान दिसतं, म्हणून तो भाग आपोआप वाढला. कागद वाचून दाखवणं कंटाळवाणं होईल असं वाटून तो भाग उरकला. आज मागे वळून बघताना मूळ चूक तीच वाटते. सगळ्यात अवघड भागाला सगळ्यात कमी वेळ मिळाला.

ऑक्टोबरात खरीप निघाल्यावर गटातल्या सव्वीस जणांनी व्हिडिओ पाहून नमुने आणले. पिशव्या प्रयोगशाळेत द्यायच्या आधी आम्ही त्या उघडून पाहिल्या आणि प्रत्येकाशी पाच मिनिटं बोललो. अकरा नमुने परत घ्यावे लागले.

कारणं ऐकताना आमच्या लक्षात आलं की लोकांनी व्हिडिओ नीट पाहिला होता. दिसलं तसंच त्यांनी केलं होतं. आम्ही खड्डा वरून दाखवला होता. वरून पाहिलं की व्ही आकाराचा खड्डा म्हणजे जमिनीत पाडलेली एक खाच दिसते, तिची खोली कळतच नाही. त्यामुळे काहींनी खुरप्याने वरची चार बोटं माती खरवडून आणली होती. अशी पिशवी हातात घेतली की कळते, कारण तिच्यात काडीकचरा, बाजरीची मुळं आणि भुसभुशीत माती असते. काहींनी बरोबर उलटं केलं. वीतभर खोल खड्डा घेतला आणि तळाची तेवढी माती उचलली. त्या पिशव्यांत ढेकळं कडक आणि रंग एकसारखा होता.

दोन नमुने खताच्या रिकाम्या गोणीतून आले होते. एकाने ती गोणी धुऊन वाळवलीही होती. हा शेतकरी आधीच्या वर्षीही गोणीतूनच नमुना घेऊन गेला होता आणि त्याचा तो जुना रिपोर्ट आम्ही पाहिला. मुरमाड, फिकट जमीन, सेंद्रिय कर्ब अगदी कमी आणि स्फुरद मात्र हेक्टरी नव्वद किलोच्या वर. कर्ब कमी आणि स्फुरद आभाळाला, असं दिसलं की आधी पिशवी कसली होती ते विचारावं. अर्धा किलो मातीत दहा-सव्वीस-सव्वीस या संयुक्त खताचे दोन-चार दाणे मिसळले तरी आकडा कुठल्या कुठे जातो.

उरलेल्यांची चूक वेगळी होती. त्यांच्या शेताचा वरचा तुकडा माळाचा, मुरमाड आणि खालचा ओढ्याकडचा, काळा. दोन्हीकडची माती एकाच घमेल्यात. असा नमुना दोन्हींपैकी कुठल्याच तुकड्याचा राहत नाही. व्हिडिओत आम्ही "शेत एकसारखं नसेल तर वेगळे नमुने घ्या" असं एक वाक्य बोललो होतो. पण चित्रीकरण सपाट, एकरंगी शेतात केल्यामुळे ते वाक्य कुणाच्या कानात राहिलं नाही.

नमुने पुन्हा घेता आले, हे त्यातल्या त्यात बरं. खरी अडचण रिपोर्ट आल्यावर सुरू झाली.

"जमिनीत आहे, मग टाकायचं कशाला?"

गटातले बापू हे जाणते शेतकरी. एका एकरात दर वर्षी रब्बी कांदा करतात, हिशोब वहीत लिहून ठेवतात. त्यांचा रिपोर्ट आला तेव्हा ते वही घेऊनच आले. त्यावरचे मुख्य आकडे असे होते: सामू ८.२, विद्युत वाहकता ०.३४, सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के, उपलब्ध नत्र हेक्टरी १८८ किलो, स्फुरद ३१ किलो, पालाश ४१२ किलो आणि जस्त ०.४८ पीपीएम.

बापूंनी वही उघडली. "ताई, तुमच्या व्हिडिओत सांगितलंय, कांद्याला हेक्टरी शंभर किलो नत्र लागतं. माझ्या जमिनीत एकशे अठ्ठ्याऐंशी आहे. म्हणजे अठ्ठ्याऐंशी किलो उरतंय. पालाश तर आठपट. मग यंदा खत टाकायचं कशाला?"

त्यांची वजाबाकी बरोबर होती. आमच्या व्हिडिओने त्यांना ती करायला लावलं होतं. आम्ही एका दृश्यात रिपोर्टचे आकडे दाखवले, पुढच्या दृश्यात शिफारस दाखवली आणि मध्ये काहीच सांगितलं नाही. दोन्हीकडे "किलो प्रति हेक्टर" लिहिलेलं. समोर दोन आकडे एकाच मापात दिसले की माणूस वजाबाकी करणारच. चौकशी केली तेव्हा बापूंसारखीच वजाबाकी आणखी चौघांनी केल्याचं कळलं. दोघांनी उलटं केलं होतं. "कमी" हा शब्द पाहून त्यांनी युरियाच्या गोण्या थेट दुप्पट करायचं ठरवलं होतं.

वजाबाकी का चालत नाही, हे समजावणं हाच या व्हिडिओचा गाभा असायला हवा होता. रिपोर्टमधला नत्राचा आकडा म्हणजे बँकेतली शिल्लक नव्हे. प्रयोगशाळेत मातीवर एक ठरावीक रसायन वापरतात आणि त्यात जेवढं नत्र सुटून येतं तेवढं मोजतात. पीक ते सगळं उचलू शकतं असं नाही. बरंचसं नत्र सेंद्रिय पदार्थात बांधलेलं असतं आणि ओल, ऊब, सूक्ष्म जीव यांच्या हिशोबाने हळूहळू मोकळं होतं. कांद्याची मुळं तर उथळ आणि विरळ, त्यामुळे त्याच्या वाट्याला त्यातलंही थोडंच येतं. म्हणून तो आकडा फक्त एवढंच सांगतो की ही जमीन "कमी", "मध्यम" की "जास्त" या वर्गात बसते. शिफारशीत बदल करायचा तो या वर्गावरून. आकड्यातून आकडा वजा करायचा नाही.

शिफारससुद्धा हवेतून आलेली नसते. शेतांवर वेगवेगळ्या मात्रा देऊन, उत्पादन मोजून ती काढलेली असते आणि ती मध्यम जमिनीसाठी असते. त्या जमिनीतही हेक्टरी २८० किलोंच्या वर उपलब्ध नत्र होतंच आणि तरीही वरून शंभर किलो द्यावं लागलं. हे एक वाक्य बापूंना सांगितलं आणि त्यांनी वहीतली वजाबाकी खोडली. पुढच्या व्हिडिओत तेच वाक्य आम्ही त्यांच्या तोंडून घेतलं.

कोणते पर्याय होते

दुसऱ्यांदा करायचं ठरल्यावर आमच्यापुढे तीन वाटा होत्या.

पहिली, व्हिडिओत फक्त नमुना घेणं ठेवायचं आणि रिपोर्टचं समजावणं बैठकीत समोरासमोर करायचं. हे सगळ्यात सुरक्षित होतं, चुकीचा अर्थ निघायची भीती नव्हती. पण रिपोर्ट एकाच दिवशी येत नाहीत. कुणाचा नोव्हेंबरात येतो, कुणाचा लागवड उरकल्यावर. प्रत्येकासाठी बैठक घेणं शक्य नव्हतं.

दुसरी, तयार तक्ता द्यायचा. नत्र कमी असेल तर युरिया इतका, स्फुरद जास्त असेल तर सुपर फॉस्फेट इतकं. लोकांनाही हेच हवं होतं. माझ्या सहकाऱ्याचाही कल तिकडे होता. अडचण अशी की तक्ता पिकाला बांधलेला असतो. कांद्याचा तक्ता बघून कुणी गव्हाला खत टाकलं तर ते आमच्या नावावर. शिवाय प्रयोगशाळांचे वर्ग एकसारखे नसतात. काही तीन वर्ग करतात, काही सहा.

तिसरी वाट म्हणजे एकाच शेतकऱ्याचा एकच खरा रिपोर्ट घ्यायचा, एकाच पिकासाठी शेवटच्या गोणीपर्यंत हिशोब करून दाखवायचा आणि प्रत्येक पायरीला "तुमच्या कागदावर इथे काय लिहिलंय ते बघा" म्हणून थांबायचं. आम्ही ही निवडली. बापूंनी आपला रिपोर्ट वापरायला होकार दिला, फक्त नाव आणि गट क्रमांक झाकायला सांगितला.

बारा मिनिटांचा एक सलग व्हिडिओ करायचा नाही, हेही तेव्हाच ठरलं. नमुना ऑक्टोबरात घ्यायचा, रिपोर्ट महिन्याभराने वाचायचा आणि खत डिसेंबरात टाकायचं. तिन्हींची गरज वेगवेगळ्या वेळी पडते. म्हणून तीन छोटे भाग केले आणि ते ज्या त्या वेळी गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकले.

दुसरा व्हिडिओ: नमुन्याचा भाग

या वेळी कॅमेरा जमिनीला टेकवून खड्ड्याच्या बाजूने लावला. खड्ड्यात एका ताईंनी हात उभा धरला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एक वीत म्हणजे साधारण वीस-बावीस सेंटिमीटर, कांद्यासारख्या पिकाला हवी तेवढी खोली. पट्टी दाखवण्यापेक्षा हे सरस ठरलं, कारण शेतात पट्टी कुणाकडेच नसते. मग खड्ड्याच्या उभ्या बाजूवरून, वरपासून तळापर्यंत, बोटभर जाडीचा काप खुरप्याने काढला. वरची, मधली आणि तळाची माती सारख्या प्रमाणात यावी म्हणून हा काप. खड्ड्यातून निघालेली पहिली माती त्या ताईंनी बाजूला फेकली. ती फेकताना आम्ही दृश्य मुद्दाम लांबवलं, कारण पहिल्या वेळी काहींनी नेमकी तीच माती पिशवीत भरली होती.

चित्रीकरणासाठी सपाट शेत सोडून बापूंचंच शेत घेतलं, वरून मुरमाड, खाली काळं. नागमोडी चालत वरच्या तुकड्यात आठ खड्डे, खालच्यात आठ, घमेली दोन आणि पिशव्याही दोन. बांध, विहिरीचा काठ, पाटाची कड, झाडाची सावली आणि शेणखताच्या ढिगाची जागा सोडायची, हे चालता चालताच दाखवलं. पुढे आठ ठिकाणची माती गोणपाटावर पसरून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. ओली असेल तर सावलीत वाळवायची आणि स्वच्छ कापडी पिशवीत भरायची. चिठ्ठीवर नाव, गट क्रमांक, आधीचं पीक, पुढचं पीक. एवढ्यावर हा भाग चार मिनिटांत संपला.

दुसरा व्हिडिओ: रिपोर्ट आणि गोण्यांचा हिशोब

या भागाला आम्ही सात मिनिटं दिली. पडद्यावर फक्त कागद, त्यावर फिरणारं बापूंचं बोट आणि त्यांचाच आवाज.

सामू ८.२ म्हणजे जमीन विम्लधर्मी. आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत हे नेहमीचं आहे आणि कुठलंही खत एका हंगामात तो खाली आणत नाही. विद्युत वाहकता ०.३४ म्हणजे एकच्या खाली, क्षाराची काळजी नाही. हे दोन आकडे वाचून पुढे जायचं. खरं काम खालच्या चार ओळींचं.

या प्रयोगशाळेच्या तीन वर्गांत नत्र १८८ म्हणजे २८० च्या खाली, कमी. स्फुरद ३१ म्हणजे २५ च्या वर, जास्त. पालाश ४१२ म्हणजे २८० च्या वर, जास्त. नियम साधा आहे. कमी असेल तर शिफारशीत पाव वाढवायचा, मध्यम असेल तर आहे तेवढंच, जास्त असेल तर पाव कमी करायचा. सहा वर्ग करणाऱ्या प्रयोगशाळा "अत्यंत जास्त" असेल तिथे याहून मोठी कपात सुचवतात, त्यामुळे आपल्या कागदावरचा वर्ग बघूनच पुढे जायचं.

रब्बी कांद्याला महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद, ५० किलो पालाश अशी आहे, शेणखत वेगळं. बापूंसाठी नत्र सव्वाशे झालं, स्फुरद साडेसदतीस, पालाश साडेसदतीस. हे झालं हेक्टरचं. बापूंचं शेत एक एकर आणि अडीच एकरांचा एक हेक्टर, म्हणून प्रत्येक आकड्याला अडीचने भागलं. एकरी नत्र ५० किलो, स्फुरद १५, पालाश १५. पहिल्या व्हिडिओत ही भागाकाराची पायरी आम्ही बोललोच नव्हतो. ती गळली तर अडीचपट खत पडतं आणि कागदाप्रमाणे टाकलं असंच वाटत राहतं.

आता किलोंच्या गोण्या. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये शंभर किलोला १६ किलो स्फुरद, म्हणून १५ किलोंसाठी जवळजवळ दोन गोण्या. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये शंभराला ६०, म्हणून १५ किलोंसाठी २५ किलो, म्हणजे अर्धी गोणी. युरियात शंभराला ४६, म्हणून ५० किलो नत्रासाठी सुमारे १०८ किलो. युरियाची गोणी ४५ किलोंची, त्यामुळे दोन गोण्या आणि वर अठरा किलो. हा युरिया एकदम टाकायचा नाही. लागवडीला ५४ किलो, स्फुरद-पालाश सगळं त्याच वेळी, मग तीस दिवसांनी २७ किलो आणि पंचेचाळीस दिवसांनी २७ किलो. त्यानंतर युरिया बंद. उशिरा दिलेल्या नत्राने मान जाड राहते, जोडकांदा वाढतो आणि चाळीत माल टिकत नाही.

यानंतरचं दृश्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बापूंनी वहीचं मागचं पान उघडून आदल्या वर्षीचं खत वाचून दाखवलं. दहा-सव्वीस-सव्वीसच्या तीन गोण्या, डीएपीची एक, युरियाच्या दोन. त्यातले किलो तिथेच मांडले. नत्र ६५, स्फुरद ६२, पालाश ३९. गरज स्फुरदाची १५ आणि पडत होतं ६२, म्हणजे चौपट. कागदावर ३१ हा आकडा कुठून आला, याचंही उत्तर त्याच पानावर होतं. नत्र बऱ्याच अंशी पीक उचलतं किंवा पाण्याबरोबर हलतं. स्फुरद मात्र चुनखडीच्या मातीत जागेवर बांधून राहतं आणि वर्षागणिक साठत जातं.

जस्ताची ओळही इथेच जुळली. ०.६ च्या खाली जस्त कमी धरतात, बापूंचं होतं ०.४८. सामू चढा असला की जस्त पिकाला मिळेनासं होतं आणि स्फुरदाच्या अतिरेकाने ते आणखी अडतं. बापूंनी एकरी आठ किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून वेगळं दिलं. स्फुरदाच्या खतात ते मिसळायचं नाही, हे व्हिडिओत दोनदा सांगितलं.

निष्पत्ती

दुसऱ्या वर्षी एकोणीस जणांनी नमुने आणले. तीन परत घ्यावे लागले. दोघांनी दोन तुकडे एकत्र केले होते आणि एकाने खड्ड्याचा तळच आणला होता. खताच्या गोणीतून एकही नमुना आला नाही. रिपोर्ट आल्यावर वजाबाकी करून कुणी आलं नाही. काहींनी फोनवर आपल्या कागदाचा फोटो पाठवून "वर्ग मध्यम आहे, मग आहे तेवढंच ना?" एवढंच विचारलं. हा प्रश्न ऐकून आम्हाला खूप बरं वाटलं, कारण प्रश्न वर्गाबद्दल होता, आकड्याबद्दल नव्हता.

बापूंच्या एकरात कांद्याचं वजन शेजारच्या शेताच्या जवळपासच आलं, फार वर नाही, खाली नाही. माना बारीक होत्या आणि जोडकांदा डोळ्यांना कमी दिसला. एका हंगामावरून आणि एका एकरावरून याच्यापुढे काही म्हणता येणार नाही. डीएपी आणि दहा-सव्वीस-सव्वीस त्यांनी घेतलं नाही, हा फरक मात्र त्यांच्या वहीत नोंदलेला आहे.

एक गोष्ट आमच्या हिशोबात नव्हती. लागवडीच्या ऐन गर्दीत कृषी सेवा केंद्रात सुपर फॉस्फेट मिळेना. सहा-सात जण आमचा हिशोब हातात घेऊन गेले आणि नेहमीच्या तीन गोण्या दहा-सव्वीस-सव्वीस घेऊन परत आले. दुकानदाराचा दोष नाही, त्याच्याकडे जे होतं ते त्याने दिलं. आमच्या व्हिडिओने एकच रस्ता दाखवला होता आणि तो बंद झाल्यावर लोक जुन्या रस्त्याला लागले.

यावरचं उत्तर गटातल्या एका सूनबाईंनी काढलं. त्या बारावीपर्यंत शिकलेल्या, घरचा हिशोब त्याच ठेवतात. त्यांनी वहीत मांडलं की स्फुरद १५ आणि पालाश १५ लागतंय, दोन्ही सारखंच, आणि दहा-सव्वीस-सव्वीसमध्येही दोन्ही सारखंच आहे. मग १५ ला ०.२६ ने भागलं. आलं ५८ किलो. एक गोणी आणि वर आठ किलो एवढंच. त्यातून पावणेसहा किलो नत्रही येतं, म्हणून युरिया १०८ च्या जागी ९६ किलो पुरतो. लागवडीला ४२ आणि मग दोनदा २७. म्हणजे गोणी तीच, दुकान तेच. फक्त तीन गोण्यांच्या जागी एक गोणी आणि वर आठ किलो. सुपर फॉस्फेटमधून कांद्याला गंधक मिळतं ते इथे मिळत नाही, तेवढं गंधक वेगळं द्यावं लागतं.

पुन्हा करायचं झालं तर

हिशोबाच्या भागात दोन्ही रस्ते दाखवू, सरळ खतांचा आणि संयुक्त खताचा. फक्त सरळ खतं दाखवायची हा माझ्या सहकाऱ्याचा आग्रह होता, कारण सरळ खतांत प्रत्येक अन्नद्रव्य वेगळं मोजता येतं. शिकवायला ते बरोबर आहे. पण दुकानात काय मिळतं हे आधी विचारायला हवं होतं. पुढच्या वेळी चित्रीकरणाआधी जवळच्या तीन-चार केंद्रांत जाऊन डिसेंबरात कोणती खतं असतील हे विचारून घेणार आहोत.

कोंबडखताबद्दल आम्ही एक शब्दही बोललो नाही, ही दुसरी राहिलेली गोष्ट. या पट्ट्यात पोल्ट्री बऱ्याच आहेत आणि अनेक जण एकरी ट्रॉलीभर कोंबडखत टाकतात. त्यात स्फुरद भरपूर असतं. बापू टाकत नाहीत, म्हणून त्यांच्या उदाहरणात तो प्रश्न आला नाही. पण ज्याने कोंबडखत टाकलंय त्याच्यासाठी आमचा १५ किलो स्फुरदाचा हिशोबही जास्तच ठरू शकतो. नमुन्याच्या चिठ्ठीवर आता "गेल्या वर्षभरात कोणतं सेंद्रिय खत, किती ट्रॉली" अशी एक ओळ आम्ही वाढवली आहे.

तिसरं, काही प्रयोगशाळा स्फुरद मूलद्रव्य म्हणून छापतात, काही खताच्या गोणीवर असतं त्या रूपात. दोन्हींत सव्वादोन पटींहून अधिक फरक पडतो. बापूंच्या कागदावर मूलद्रव्य होतं, म्हणून २५ ची मर्यादा लागू झाली. वेगळ्या प्रयोगशाळेचा कागद घेऊन कुणी हाच व्हिडिओ पाहिला तर मध्यम जमीन त्याला "जास्त" वाटेल. कागदावर छापलेला वर्ग वाचला तर ही चूक टळते. आकडा बघून स्वतः वर्ग ठरवला तर टळत नाही. व्हिडिओत बापूंचं बोट आकड्यावर थांबतं आणि मग वर्गाच्या रकान्याकडे जातं. नव्या चित्रीकरणात ते थेट वर्गाच्या रकान्यावरच ठेवायला त्यांना सांगितलं आहे.